ल्योंला पाठवायची विषयपत्रिका

गुरुवारी १२ जूनला सकाळी दहाला बैठक असेल, तर पत्रिका शुक्रवारी संध्याकाळी पाठवली तरी चालेल, असं पुण्यात बसून वाटतं. मधे आठवडा आहेच की! पण २०२५ मध्ये त्या बारा तारखेच्या आधीचा सोमवार, ९ जून, हा पेंटेकॉस्टचा सोमवार होता, म्हणजे फ्रान्सात सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळची मेल ल्योंमधल्या माणसांनी उघडली असती मंगळवारी, आणि वाचायला उरले असते दोन दिवस. म्हणून पत्रिका गेली गुरुवारी ५ जूनला. तिकडच्या कुणालाही काही पाठवण्याआधी मी आता त्यांचं कॅलेंडर उघडते. मे महिन्यात तर दोनदा उघडते.

मेलच्या विषयाची ओळ अशी होती:

```
Réunion du jeudi 12 juin à 10 h – ordre du jour
```

म्हणजे 'गुरुवार १२ जून, दहा वाजताची बैठक – विषयपत्रिका'. वाराचं आणि महिन्याचं पहिलं अक्षर लहान, आणि वेळेत तो 'h'. दुपारचे अडीच म्हणजे 14 h 30. आमच्यासारख्यांनी वेळेपुढे 'पॅरिसची वेळ' असंही लिहावं, कारण उन्हाळ्यात त्यांचे दहा म्हणजे आपले दीड, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की आपले अडीच. दर आठवड्याची बैठक असेल तर त्या आठवड्यात कुणीतरी एकटंच स्क्रीनसमोर बसून राहतं, आणि ते सहसा आपल्याच बाजूचं असतं. बारा ते दोनच्या मधे मात्र बैठक ठेवायची नाही. जेवणाच्या बाबतीत ती माणसं आपल्याइतकीच गंभीर आहेत.

आता उद्देश. आमचा होता 'शरद ऋतूपासूनच्या मालवाहतुकीसाठी कंपनी निवडणे'. आधी मी 'वाहतुकीबद्दल चर्चा' लिहिलं होतं, ते खोडलं. चर्चा तर कशीही होतेच. बैठक संपल्यावर 'झालं का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता आलं, तर उद्देश नीट लिहिला गेला असं समजावं.

प्रत्येक मुद्द्यापुढे फ्रेंच लोक एक शेपूट लावतात, ते मला फार आवडतं. 'पुर अँफोर्मासियाँ' म्हणजे माहितीसाठी, 'पुर आव्ही' म्हणजे मत हवं आहे, 'पुर देसिझियाँ' म्हणजे आज निर्णय. गोंधळ होतो तो मधल्यात. मत मागितलं आहे, पण ठरवणार दुसराच कुणीतरी. हे आधी लिहिलं नाही तर लोक तावातावाने वाद जिंकतात आणि निर्णय आपला नव्हताच हे शेवटी कळतं. आमच्या तासात उशिरांचा आढावा माहितीसाठी १० मिनिटं, कंपनीची निवड निर्णयासाठी ३५, वेळापत्रक मतासाठी १०. उरली ५. निर्णयाला तासाच्या निम्म्याहून जास्त वेळ दिला, कारण फ्रेंच सहकारी आधी तत्त्व तपासतात, मग किंमत. 'मुळात बाहेरची कंपनी हवीच का?' हा प्रश्न येणारच, हे धरूनच मिनिटं वाटावी लागतात.

वाचायच्या कागदांचं सांगायचं तर, तीन कंपन्यांची तुलना करणारा आमचा अहवाल चाळीस पानी होता. तो नुसता जोडून 'कृपया वाचावे' लिहिलं असतं तर कुणीही वाचला नसता, मीसुद्धा नाही. म्हणून लिहिलं: पान ३ आणि ४, पाच मिनिटं लागतील, बाकीचं लागलं तर बघा. कुणी वाचलंय आणि कुणी नाही, हे पहिल्याच प्रश्नावरून कळतं. ज्याचं उत्तर पान ३ वर आहे तेच कुणी विचारलं, की समजायचं. अशा वेळी खुशाल ती दोन पानं सगळ्यांसमोर उघडावीत आणि शांतपणे वाचू द्यावीत. पाच मिनिटं जातात, पण पस्तीस वाचतात.

शेवटी एक ओळ: 'आणखी विषय असल्यास मंगळवारी दुपारी बारापर्यंत कळवा.' आणि तळाशी 'केस्तियाँ दिव्हेर्स', ५ मिनिटं. हे म्हणजे आपलं 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. फरक इतकाच, की तिकडे या ओळीला फार जोर नसतो. तिथल्या इमारतींमधल्या फ्लॅटमालकांच्या सभेचं निमंत्रण, तातडीचं काम नसेल तर, निदान २१ दिवस आधी विषयपत्रिकेसकट द्यावं लागतं. १९६७ च्या नियमांत तसं आहे, आणि जे पत्रिकेत नाही त्यावर सभेला निर्णय घेता येत नाही. 'केस्तियाँ दिव्हेर्स'मध्ये लिफ्टबद्दल तासभर बोला, ठराव होणार नाही.

ऑफिसला हा कायदा लागू नाही, पण मी तो उसना घेतला आहे. बैठक संपायला दोन मिनिटं असताना एका सहकाऱ्याने 'एक छोटासा प्रश्न' म्हणत गोदामाचं भाडं काढलं. मी तो मुद्दा लिहून घेतला, त्यापुढे 'पुर देसिझियाँ' लिहिलं आणि पुढच्या पत्रिकेत त्याला २० मिनिटं दिली.