एनपीव्ही सिम्युलेशन: इनपुट तेच, मग तोट्याची शक्यता दुप्पट कशी?

मंडळी, मागच्या अपडेटमधल्या प्रकल्पाचं सिम्युलेशन करून ज्यांनी आपापल्या शीट्स पाठवल्या त्यांचे आभार. त्यातल्या दोन शीट्सनी माझी झोप उडवली. दोघांनीही तेच मॉडेल घेतलं होतं, आकडे तेच, वितरणं तीच. एका शीटमध्ये एनपीव्ही, म्हणजे पुढच्या रोख प्रवाहांचं आजचं मोल वजा गुंतवणूक, शून्याखाली जाण्याची शक्यता १७ टक्के आली, दुसऱ्यात ३४. सूत्रं ओळीने ओळ तपासली, कुठेही चूक नाही. दोन्ही शीट्स आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि नेमकं तेच डोकं खाणारं होतं.

मॉडेल आठवणीसाठी पुन्हा एकदा. सुरुवातीची गुंतवणूक ६० लाख (चलन कोणतंही धरा), आयुष्य पाच वर्षं, डिस्काउंट रेट १० टक्के. वार्षिक विक्री त्रिकोणी वितरणातून: किमान ७० हजार नग, सर्वाधिक संभाव्य १००, कमाल ११०. किंमत नॉर्मल, सरासरी ५०, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे एसडी ४. प्रतिनग खर्च पुन्हा त्रिकोणी: २७, ३०, ३६. कर, खेळतं भांडवल वगैरे मुद्दाम बाहेर ठेवलंय.

सर्वाधिक संभाव्य आकडे थेट घातले तर वर्षाला २० लाख सुटतात आणि एनपीव्ही येतो १५.८ लाख. सिम्युलेशनची सरासरी मात्र ७.२ लाखांवर बसते. यात गूढ काही नाही. विक्रीचा त्रिकोण खालच्या बाजूला लांब आहे, त्यामुळे सरासरी ९३.३ हजार, खर्चाचा त्रिकोण वरच्या बाजूला लांब, सरासरी ३१. म्हणजे ९३.३ गुणिले १९, साधारण १७.७ लाख. "सर्वात शक्य" आकड्यांचा एनपीव्ही आणि एनपीव्हीची सरासरी यांत निम्म्याहून जास्त फरक, आणि तोही एकही रन न मारता कळतो. दोन्ही शीट्समध्ये सरासरी ७.२ च्या आसपासच होती. गडबड फक्त पसाऱ्यात होती.

मग दोन्ही हिस्टोग्राम एकाच अक्षावर ठेवले. पहिल्याची एसडी सुमारे ७.६ लाख, दुसऱ्याची १६.८. पाचवा पर्सेंटाइल पहिल्यात वजा ५ च्या आसपास, दुसऱ्यात वजा २०. सरासरी एकाच जागी आणि रुंदी दुपटीहून जास्त, म्हणजे वितरणं नव्हे, वितरणांमधलं नातं वेगळं असणार. आणि तसंच निघालं. पहिली शीट पायथनमधली होती, तिच्यात `size=(10000, 5)` लिहिलेलं, म्हणजे प्रत्येक रनमध्ये पाचही वर्षांसाठी वेगळी किंमत, वेगळी विक्री, वेगळा खर्च. दुसरी एक्सेलची, तिच्यात प्रत्येक रनला एकदाच `NORM.INV(RAND(),50,4)` आणि तीच किंमत पाचही वर्षांना, विक्री आणि खर्चाचंही तसंच.

हे हाताने पडताळता येतं, आणि पडताळणी जमली तेव्हा खरंच बरं वाटलं. एका वर्षाच्या रोख प्रवाहाची एसडी ४.४४ लाख. वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर डिस्काउंट गुणकांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्यायचं: १.७१. पाचही वर्षं एकत्र हलत असतील तर गुणकांची साधी बेरीज: ३.७९. गुणाकार केला की ७.६ आणि १६.८. एकीकडे वाईट वर्ष आणि चांगलं वर्ष एकमेकांना सावरून घेतात, दुसरीकडे वाईट किंमत लागली की ती पाच वर्षं मानगुटीवर बसते.

यातली कोणतीही एक बाजू पूर्ण खरी मानायला मी तयार नाही. नवा स्पर्धक आल्यामुळे किंमत पडली तर ती पुढच्या वर्षी आपोआप पन्नासवर उडी मारत नाही. पण पाच वर्षं दशांशापर्यंत एकच किंमत राहील हेही कुणी मानणार नाही. म्हणून अनिश्चितता दोन भागांत फोडली: एक भाग रनभर टिकणारा, दुसरा दरवर्षी नव्याने डुगडुगणारा.

```python
import numpy as np
from scipy.stats import norm, triang
rng = np.random.default_rng(7)
n, w = 10000, 0.5

def draw():
    a = rng.standard_normal((n, 1))   # टिकणारा
    b = rng.standard_normal((n, 5))   # दरवर्षीचा
    return np.sqrt(w)*a + np.sqrt(1-w)*b

price = 50 + 4*draw()
vol = triang.ppf(norm.cdf(draw()), 0.75, loc=70, scale=40)
```

खर्चही विक्रीसारखाच. `w` शून्य ठेवला की पहिली शीट मिळते, १ ठेवला की दुसरी. ०.५ ला एसडी १३ लाख आणि तोट्याची शक्यता २९-३० टक्के. गंमत बघा: मधला `w` घेतला तरी उत्तर मध्यावर येत नाही, टिकणाऱ्या बाजूकडे झुकतं. थोडासा टिकाऊपणाही पसारा बराच फुगवतो. कोणत्याही एका वर्षाकडे पाहिलं तर वितरण तिन्ही वेळा हुबेहूब तेच, त्यामुळे इनपुटचे आलेख कितीही निरखले तरी हा फरक दिसणारच नाही. दिसेल कुठे? पहिल्या वर्षाची किंमत आडव्या अक्षावर आणि दुसऱ्या वर्षाची उभ्या अक्षावर ठेवा. गोल ढग आला तर वर्षं स्वतंत्र, सरळ रेघ आली तर एकच ड्रॉ. कुणाचीही शीट आली की यापुढे मी आधी हा आलेख काढणार.

आता किंमत आणि विक्री यांचं नातं. डेव्हिड हर्ट्झ यांनी १९६४ मध्येच हा मार्ग सांगून ठेवलाय: आधी किंमत काढा, मग त्या किमतीला साजेशा वितरणातून मागणी. मी तेच `w` ०.५ ठेवून सहसंबंधाने केलं, विक्रीचा z म्हणजे `-0.6*zp + 0.8*zq`, इथे `zp` हा किंमतीचा `draw()` आणि `zq` वेगळा, नवा `draw()`. यावर सरासरी ७.२ वरून सुमारे ६.५ ला घसरली, कारण उलट हलणाऱ्या दोन राशींच्या गुणाकाराची सरासरी ही सरासऱ्यांच्या गुणाकारापेक्षा कमी भरते. पसारा मात्र आवळला: तोट्याची शक्यता २६-२७ टक्के, पाचवा पर्सेंटाइल वजा १४ वरून वजा ११.

पण इथे थांबलो नाही, खूण उलटी करून पाहिली. बाजार तेजीत असला की किंमतही चढते आणि खपही वाढतो. अशा मालासाठी सहसंबंध धनच हवा. +०.६ वर सरासरी ८ होते, पण शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास आणि पाचवा पर्सेंटाइल वजा १६. तेव्हा "सहसंबंध घातलाय" एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. किंमत आपण ठरवतो की बाजार, यावर खूण ठरते, आणि ते वितरणं निवडण्याआधी लिहून ठेवायला हवं.

निकालांच्या वाचनाबद्दल दोन गोष्टी, कारण हे प्रश्न परत परत येतात. रन वाढवले की पसारा आवळेल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. १३ लाखांची एसडी एक लाख रन्सनंतरही १३च राहते. आवळते ती फक्त आपल्या मोजणीतली चूक. १० हजार रन्सना सरासरीतली चूक ०.१३ लाख, आणि ३० टक्क्यांच्या शक्यतेत सुमारे अर्धा टक्का. एक हजार रन्सना तीच दीड टक्क्याच्या आसपास, म्हणून एफ९ दाबला की आकडा २८ ते ३१ नाचतो. असे आकडे दशांशासकट छापणं म्हणजे निव्वळ देखावा.

दुसरी गोष्ट, हा पसारा येतो कुठून. एका वर्षाच्या विचरणात किंमतीचा वाटा ७१ टक्के, खर्चाचा १५, विक्रीचा १३. आपल्यातले बरेच जण विक्रीच्या अंदाजावर घाम गाळतात. या प्रकल्पात तो घाम किंमतीवर गाळायला हवा. विक्री अगदी अचूक कळली तरी हिस्टोग्राम जेमतेम बारीक होईल.

साधनांविषयी जाता जाता. एक्सेलमध्ये त्रिकोणी वितरणाचं तयार फंक्शन नाही, उलटं सूत्र स्वतः लिहावं लागतं, आणि डेटा टेबल दर बदलाला सगळं पुन्हा मोजत बसतं. शिवाय `NPV()` पहिल्याच आकड्याला एक वर्ष डिस्काउंट करतं, म्हणून `=NPV(10%,C2:G2)-60`. गुंतवणूक कंसात घातली की ती चुकीने लहान होते. पैसे मोजून घेतलेलं एक अॅड-इन वापरून झालंय. रंगीत आलेख छान, पण वर्षांमधला सहसंबंध त्यात पाच-पाच स्तंभांचा मॅट्रिक्स भरून द्यावा लागला. त्यापेक्षा वरच्या दहा ओळी बऱ्या.

पुढच्या वेळी करांचा भाग जोडायचा बेत होता, तो बाजूला ठेवतोय, कारण हे लिहितानाच दुसरं सुचलं. दुसऱ्या वर्षाअखेर प्रकल्प २५ लाखांना विकता आला तर? वर्षं स्वतंत्र असलेल्या शीटमध्ये या पर्यायाची किंमत शून्य: पहिली दोन वर्षं कितीही वाईट गेली तरी उरलेल्या तिन्हींची अपेक्षा वर्षाला १७.७ लाखच, दुसऱ्या वर्षाअखेरच्या मोलाने ४४ लाख, मग २५ ला कोण विकेल? एकच ड्रॉ असलेल्या शीटमध्ये वर्षाला सुमारे १० लाखांपेक्षा कमी सुटत असेल तर विकणं फायद्याचं, आणि असे रन शंभरात सुमारे ४ येतात. ८ लाख सुटणारा रन धरा: चालू ठेवला तर वजा २९.७, विकला तर वजा २५.५. म्हणजे तोट्याची शक्यता ३४ टक्केच राहते, कारण हे रन विकूनही शून्याखालीच असतात. फक्त डाव्या शेपटाची खोली कमी होते. तेव्हा पुढच्या शीटमध्ये शून्याखालच्या रन्सची सरासरी हा वेगळा स्तंभ घालतोय, आणि `w` ०.५ असताना दोन वर्षांच्या किमती पाहून टिकणारा भाग कसा ओळखायचा, यावर कुणाकडे नीट नियम असेल तर पाठवा. माझा पहिला प्रयत्न दोन वर्षांच्या सरासरीला सरळ गुणक लावून पाहण्याचा आहे.