‘क्लोजिंग केलंय’ म्हणजे नक्की काय केलंय?

“सर, रेझ्युमेत ‘मंथ-एंड क्लोजिंग हाताळलं’ असं लिहिलं की मुलाखतीत त्यावरच का अडवतात? आणि मग सांगायचं काय?”

अडवतात, कारण त्या वाक्यातून काहीच कळत नाही. मी बरीच वर्षं कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये काढली. आता ओळखीतल्या बी.कॉम. झालेल्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो. परवाचीच एक सांगतो. मुलगी हुशार होती. एका छोट्या वर्कशॉपमध्ये दीड वर्ष काम केलेली.

“क्लोजिंगमध्ये तुमच्याकडे काय होतं?”

“सर, सगळ्या एंट्रीज पूर्ण करून बुक्स क्लोज करायचो.”

“करायचो म्हणजे कोण कोण?”

“मी आणि आमचे सीनियर.”

“बरं. ऑगस्टचं क्लोजिंग घ्या. बिल आलेलं नाही, पण खर्च झालाय, अशी एक एंट्री सांगा.”

इथे ती थांबली. मग म्हणाली, “प्रोव्हिजन करायचो.” प्रोव्हिजन, म्हणजे न आलेल्या बिलाची तरतूद, हा शब्द सगळ्यांना येतो. मला हवी होती रक्कम, आणि ती कुठून काढली ते.

“विजेचंच सांगा. मीटर रीडिंग कधी व्हायचं?”

“वीस तारखेला.”

हे तिला ठाऊक होतं! दीड वर्ष बिल हातात घेतल्याशिवाय हे कुणी सांगू शकत नाही. मग आम्ही कागदावर मांडलं. 21 जुलै ते 20 ऑगस्ट, 31 दिवसांचं बिल 93,000 रुपये, म्हणजे दिवसाला 3,000. ऑगस्टचे उरलेले 11 दिवस, 21 ते 31, वापरलेली वीज ऑगस्टचीच, पण तिचं बिल येणार सप्टेंबरात. म्हणून 31 ऑगस्टला वीजखर्च डेबिट, देय खर्च क्रेडिट, 33,000. आणि 1 सप्टेंबरला हीच एंट्री उलटी.

“उलटी केली नाही तर?”

“मग… डबल होईल?”

“कसं ते सांगा.”

सप्टेंबरचं बिल आलं 96,100 चं, 21 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर. ते पूर्ण नोंदवलं जातं. त्यातल्या 11 दिवसांचा खर्च ऑगस्टमध्ये आधीच धरलाय. उलटी एंट्री असेल तर सप्टेंबरवर या बिलातले 63,100 च पडतात. नसेल तर 33,000 दोन्ही महिन्यांत मोजले जातात आणि सप्टेंबरचा नफा तेवढा कमी दिसतो. हे पकडायचं कसं, तेही विचारलं. देय खर्चाचं लेजर उघडायचं: महिनाअखेरची शिल्लक आणि न आलेल्या बिलांची यादी, दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. शिल्लक जास्त निघाली, तर जुनी एखादी तरतूद तशीच अडकून बसलेली असण्याची शक्यता मोठी.

मग तिनेच मला अडवलं. “पण सर, दर महिन्याला एक बिल येतंच की. तरतूद नाही केली तरी वर्षाला बारा बिलं होतात.” बरोबर आहे तिचं! वापर सारखा असेल तर फरक फारसा दिसत नाही, आणि छोट्या ठिकाणी म्हणूनच कुणी ही एंट्री करत नाही. फरक दिसतो तो दिवाळीत आठवडाभर यंत्रं बंद राहिली की, किंवा नवं मशीन बसलं की. तेव्हा कमी-जास्त वापराचे दिवस एका महिन्यात आणि त्यांचं बिल दुसऱ्यात जातं. 31 मार्चला तर ते थेट पुढच्या वर्षात जातं. (मी सुरुवातीला नोकरीत असताना असाच एक मार्च सोडून दिला होता. ऑडिटरने जूनमध्ये विचारलं तेव्हा सांगायला काही नव्हतं.)

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. संपूर्ण क्लोजिंग एकट्याने केलं असं ज्युनिअरकडून कुणाला अपेक्षितच नसतं. तुमच्या हातात काय होतं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कशाशी जुळवून पाहत होतात, एवढं सांगा. स्टॉक आणि घसारा सीनियर बघत असतील, तर तसंच म्हणा. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली:

“बँक रिकन्सिलिएशन आणि खर्चाच्या तरतुदी माझ्याकडे होत्या. तीन तारखेपर्यंत द्यायचे. वीज, सिक्युरिटी आणि मजूर कंत्राटदार, ही तीन बिलं कायम उशिरा यायची. घसारा आणि स्टॉक सर बघायचे.”

“कंत्राटदाराची तरतूद कशावरून काढायचात?”

“गेटच्या हजेरी रजिस्टरवरून, सर. पण ओव्हरटाइम त्यात नसायचा, तो सुपरवायझरला फोन करून विचारावा लागायचा.”

मी पेन खाली ठेवलं.