तुम्ही विचारलंत म्हणून: पिठात प्रोटीन नक्की किती?

"एकाच पोत्यातलं पीठ. त्या लॅबनं प्रोटीन 12.1 टक्के दिलं, तुम्ही 11.0 देता. खरं कोणाचं?"

दोघांचंही. हे उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आता पाठ झालं आहे: लॅबवाल्यानं हात झटकले. म्हणून एकदाचं सविस्तर सांगतो. शेवटी आमची चूक कुठे झाली होती, तेही येईल.

केल्डाल पद्धतीत प्रोटीन कोणीच मोजत नाही. मोजला जातो तो अमोनिया. 1883 साली कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ही पद्धत काढली. त्यांना बार्लीतलं प्रोटीन जाणून घ्यायचं होतं आणि हाती लागत होता नायट्रोजन. नायट्रोजनवरून प्रोटीनकडे जाताना एका आकड्यानं गुणावं लागतं. तुमच्या दोन रिपोर्टांतली बरीचशी तफावत त्या आकड्यातली आहे.

तुमच्याच पिठाचा हिशोब घ्या. वजन 1.000 ग्रॅम. टायट्रेशनला, म्हणजे सुटलेला अमोनिया मोजायला, 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड लागलं 13.97 मिली. ब्लँकला, म्हणजे पीठ न घालता तेच सगळं करून पाहिलं तेव्हा, 0.15 मिली. वजाबाकी 13.82.

```
%N = (13.97 - 0.15) × 0.1 × 1.4007 / 1.000 = 1.936
1.936 × 6.25 = 12.10
1.936 × 5.70 = 11.03
```

ट्यूब एक, ब्युरेटचं रीडिंग एक, आणि प्रोटीन दोन. 6.25 मागचं गृहीतक असं, की प्रोटीनमध्ये 16 टक्के नायट्रोजन असतो. शंभराला सोळानं भागलं की 6.25. गव्हाला हे लागू पडत नाही. गव्हाच्या ग्लूटेनमध्ये ग्लुटामिन हे अमिनो ॲसिड भरपूर असतं आणि त्याच्या बाजूच्या साखळीवर एक जादा नायट्रोजन बसलेला असतो. त्यामुळे गव्हाच्या प्रोटीनमध्ये नायट्रोजन साडेसतरा टक्क्यांच्या आसपास भरतो आणि गुणक उतरतो 5.70 वर. दुधाचं उलट आहे. तिथे नायट्रोजन कमी, म्हणून गुणक 6.38.

म्हणून रिपोर्टवर नुसतं "प्रोटीन" असेल तर तो आकडा अर्धवट आहे. "प्रोटीन (N × 5.70)" असं लिहिलेलं हवं. शेजारी ओलावाही हवा, कारण 12 टक्के ओलाव्याच्या पिठातलं 11.03 हे कोरड्या वजनावर 12.53 होतं. दोन रिपोर्टांची तुलना करणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हे पाहिलेलंच नसतं, आणि मग फोन आम्हाला येतो.

आता दुसरी बाजू. गुणकाचं हे स्पष्टीकरण खरं आहे, आणि आम्ही त्याच्याआड लपलोही आहोत.

याच पिठाचा आमचा पहिला रिपोर्ट 11.0 नव्हता, 10.4 होता. तक्रार आली तेव्हा नेहमीचं उत्तर तोंडावर होतंच: ते 6.25 नं गुणतात, आम्ही 5.70 नं. ग्राहकानं कॅल्क्युलेटर काढला. 10.4 ला 5.70 नं भागून 6.25 नं गुणलं की 11.4 येतात. मग उरलेले 0.7 कुठे गेले?

याला उत्तर नव्हतं. दोन ट्यूबांचे आकडे 10.38 आणि 10.40 असे जुळत होते आणि आमचा सगळा विश्वास त्या जुळण्यावर होता. पण एका ब्लॉकमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ट्यूबांना एकच खोट लागली, तर त्या जुळणारच. जुळणारे आकडे हात स्थिर असल्याचा पुरावा असतात, बरोबर असल्याचा नाही.

खोट कुठे आहे ते शोधायला पद्धतीचे दोन तुकडे करावे लागतात. पहिला पचनाचा. एक ग्रॅम पिठावर 7 ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, 0.8 ग्रॅम मोरचूद आणि 12 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालून 420 अंशांच्या ब्लॉकमध्ये ठेवायचं. ॲसिड सगळं सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतं आणि नायट्रोजन अमोनियम सल्फेट होऊन मागे राहतो. दुसरा तुकडा डिस्टिलेशनचा. गार झालेल्या ट्यूबमध्ये पाणी आणि 40 टक्के कॉस्टिक सोडा 50 मिली घातला की अमोनिया सुटतो, वाफेबरोबर कंडेन्सरमधून जातो आणि 4 टक्के बोरिक ॲसिडमध्ये अडकतो. तिथे हिरवा झालेला रंग हायड्रोक्लोरिक ॲसिडनं पहिली गुलाबी झाक येईपर्यंत उतरवायचा. बोरिक ॲसिड 25 मिली घेतलं काय की 30 घेतलं काय, फरक पडत नाही. त्याचं काम अमोनिया धरून ठेवायचं. मोजमाप ब्युरेटमधल्या ॲसिडचं होतं. कंडेन्सरचं टोक मात्र द्रवात बुडालेलं हवं, नाहीतर सुरुवातीचा अमोनिया हवेत जातो.

आधी डिस्टिलेशनवर संशय घेतला, कारण तपासायला ते सोपं. पचन न करता शुद्ध अमोनियम सल्फेट 0.12 ग्रॅम थेट ट्यूबमध्ये घातलं. त्यात 21.2 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून ब्लँक वजा करून 18.16 मिली लागायला हवेत. लागले 18.10, म्हणजे 99.7 टक्के परत मिळालं. कुठे गळती नाही, सोडाही पुरेसा. सोडा कमी पडला तर ते नजरेलाही कळतं: पुरेसा असेल तर मोरचुदामुळे द्रव गडद निळा होऊन तापल्यावर काळपट-तपकिरी पडतो, आणि फिकट निळाच राहिला तर अमोनिया सुटलेलाच नसतो. आमच्या ट्यूबा व्यवस्थित काळवंडत होत्या.

मग पचन. इथे अमोनियम सल्फेट उपयोगाचं नाही, कारण त्याला पचायचं काही नसतंच. मुद्दाम अवघड काहीतरी द्यावं लागतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो ॲसिड त्यासाठीच वापरतात. त्याचा एक नायट्रोजन दोन जोडलेल्या कड्यांच्या सांगाड्यात गुंतलेला असतो आणि तो सोडवायला वेळ लागतो. 0.18 ग्रॅम ट्रिप्टोफॅन, सोबत जाळायला काहीतरी हवं म्हणून 0.67 ग्रॅम साखर. अपेक्षा 17.63 मिलीची, मिळाले 15.90. म्हणजे 90 टक्के. निदान 98 यायला हवेत. चोर सापडला.

कारण लाजिरवाणं साधं होतं. पचन सुरू होताना द्रव काळाकुट्ट होतो, फेसाळतो, मग तपकिरी, मग पिवळसर आणि शेवटी स्वच्छ निळसर-हिरवा. तो निवळला की ट्यूबा बाहेर काढल्या जात होत्या, ब्लॉकमध्ये ठेवल्यापासून चाळीस मिनिटांत. रंग गेला म्हणजे काळा कार्बन जळाला, एवढंच. हट्टी कड्यांतला नायट्रोजन अजून अमोनिया झालेला नसतो आणि त्याला रंग नसल्यानं तो दिसतही नाही. त्यातच चाळीस मिनिटं मोजली जात होती ट्यूबा ठेवल्या क्षणापासून. गार ट्यूबांनी भरलेला ब्लॉक आधी घसरतो आणि परत 420 वर यायला वेळ घेतो. शिवाय 420 हे ब्लॉकचं तापमान. आतला द्रव उकळतो त्याच्या स्वतःच्या उत्कलनबिंदूला. नुसतं ॲसिड 338 अंशांच्या आसपास उकळतं. पोटॅशियम सल्फेट त्याला सुमारे 370 पर्यंत चढवतं. ते मीठ त्यासाठीच घालायचं असतं. म्हणून या मिठाच्या तयार गोळ्या दोनऐवजी एकच टाकून काटकसर केली, तर ब्लॉकच्या पडद्यावर 420 दिसत राहतं आणि आत द्रव थंड असतो.

तेच पीठ चार वेगवेगळ्या वेळांना पचवून पाहिलं. 40 मिनिटांना टायट्रेशन 13.16. ब्लॉक परत 420 वर आल्यापासून 60 मिनिटं दिली तेव्हा 13.97, 80 ला 13.98, 100 ला 13.97. आकडा चढायचा थांबतो तिथे पचन पूर्ण झालं, आणि ही वेळ प्रत्येक पदार्थाची वेगळी. शेंगदाण्याला हा तक्ता नव्यानं करावा लागतो, कारण तेल जाळायला ॲसिड पिठापेक्षा कितीतरी जास्त लागतं. ते घटून ट्यूबमध्ये जवळजवळ मीठच उरलं, तर तयार झालेला अमोनियाही निसटतो. म्हणजे तिथे जास्त वेळ देऊनही आकडा खाली येऊ शकतो.

"निवळलं की झालं" हे मीही वर्षानुवर्षं शिकवलं आहे. दुधाला, मैद्याला ते बऱ्यापैकी चालून जातं, म्हणून ते खोटं आहे असं कधी वाटलं नाही. तेव्हाच्या मला विचारलं असतं, तर त्यानं जुळणाऱ्या दोन ट्यूबा पुढे केल्या असत्या. आताचा मी ट्रिप्टोफॅनचा आकडा मागतो. पण तोही मी महिन्यातून एकदा काढतो, प्रत्येक बॅचला नाही, त्यामुळे फार छाती फुगवायला जागा नाही.

तर 11.03. आता तरी हे खरं का? पुन्हा खात्रीनं सांगता येत नाही. 1931 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या डी. बी. जोन्स यांनी धान्याधान्यांचे वेगळे गुणक दिले. त्यात मैद्याला 5.70 आहे, आणि कोंड्यासकट अख्ख्या गव्हाला 5.83. तुमचं पीठ चक्कीचं, न चाळलेलं. 1.936 गुणिले 5.83 म्हणजे 11.29. गव्हाच्या व्यवहारात 5.70 चालतं म्हणून आम्ही ते लावतो; जोन्स यांच्या तक्त्यानं तुमचं पाव टक्का बुडतं. यावर तुम्ही भांडलात तर मला फार बोलता येणार नाही.

आणि हा नायट्रोजन प्रोटीनचाच आहे, हेही ट्यूब सांगत नाही. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून. त्यात 66 टक्क्यांहून जास्त नायट्रोजन, त्यामुळे एक ग्रॅम मेलामाइन या पद्धतीत चार ग्रॅमहून जास्त "प्रोटीन" दाखवतं. पिठात युरिया असला तरी तोही तसाच गुणला जाईल. त्यासाठी वेगळी चाचणी मागवावी लागते, आणि ती तुम्ही मागितलेली नाही.

पुढच्या वेळी दोन्ही रिपोर्ट घेऊन याल तेव्हा त्या लॅबकडून नायट्रोजनचा टक्का, ओलावा आणि गुणक एवढं लिहून आणा. नायट्रोजन 1.94 च्या जवळ असेल तर आपलं भांडण फक्त गुणकाचं आहे. 1.82 असेल तर त्यांना पचनाची वेळ विचारा.