पीव्हीआय एका दिवसात अर्धा झाला तेव्हा : माझा अनुभव

सात ई-मेल. मोजून सात ई-मेल केले मी शेअरच्या भावांचा डेटा पुरवणाऱ्या कंपनीला, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच : "आमचा डेटा थेट एक्सचेंजकडून येतो, आपण कॅशे क्लियर करून बघा." डेटा खरंच एक्सचेंजकडूनच येत होता. घोळ तिथेच होता, पण ते मला कुणी सांगितलं नाही.

आमचं मूळ गाव अमळनेर. विप्रोची सुरुवात १९४५ साली तिथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी या कंपनीचे जुने कागद सापडतात. आमच्याही घरात होते, आता डीमॅटमध्ये आहेत. मी जळगावला असतो. मागच्या हिवाळ्यात ठरवलं, हे शेअर ठेवायचे की थोडे विकायचे ते जरा अभ्यास करून बघू. एका मित्राने दोन निर्देशांक सुचवले : एनव्हीआय म्हणजे निगेटिव्ह व्हॉल्यूम इंडेक्स आणि पीव्हीआय म्हणजे पॉझिटिव्ह व्हॉल्यूम इंडेक्स.

कल्पना सोपी आहे. ज्या दिवशी व्हॉल्यूम, म्हणजे व्यवहार झालेल्या शेअरची संख्या, कालच्यापेक्षा कमी, त्या दिवसाची भावातली टक्केवारी एनव्हीआयमध्ये जमा होते. व्हॉल्यूम जास्त असेल तर तीच टक्केवारी पीव्हीआयमध्ये जाते. एक हलला की दुसरा जागेवर. १९३० च्या दशकात पॉल डायसार्ट यांनी हा विचार मांडला आणि १९७० च्या दशकात नॉर्मन फॉसबॅक यांनी त्याला वर्षभराची सरासरी जोडली. सरासरी वर्षाची म्हणून २५५ दिवसांची. गृहीतक असं, की गर्दीच्या दिवशी बातमी ऐकून धावलेले लोक असतात आणि शांत दिवशी जो भाव हलतो तो जाणकार पैशाने. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पटतं. मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागते त्या दिवशी कापसाचा भाव सगळ्यांना दिसतो, पण मुरलेला व्यापारी खेडा खरेदीला मंदीच्या दिवशी, उन्हाच्या वेळी, मुकाट्याने येऊन जातो.

शीट बनवायला अर्धा तास लागला. B मध्ये बंद भाव, C मध्ये व्हॉल्यूम, D आणि E दुसऱ्या ओळीत 1000 पासून सुरू, F2 मध्येही 1000, आणि F मध्ये एनव्हीआयची सरासरी :

```
D3: =IF(C3<C2, D2*B3/B2, D2)
E3: =IF(C3>C2, E2*B3/B2, E2)
F3: =F2+(D3-F2)*2/256
```

पीव्हीआयची सरासरी अशीच G मध्ये. आता आलेख बघितला आणि मी खुर्चीतून उठलोच. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला पीव्हीआय कड्यावरून खाली पडावा तसा कोसळला होता, आणि एनव्हीआय मात्र शांत, आपल्या सरासरीच्या वर. पुस्तकी अर्थ लावला तर चित्र देखणं होतं : गर्दी घाबरून पळाली, जाणकार बसून आहेत. मी उत्साहात थोडे शेअर आणखी घेतले. (इथे वाचकाने हसून घ्यावं.)

मग त्याच शेअरचा पीव्हीआय एका चार्ट साइटवर बघितला, तर तिथे कडाच नाही. सरळ रेघ. माझा आणि त्यांचा आकडा जुळत नव्हता हे ठीक, सुरुवातीची तारीख वेगळी असली की आकडा वेगळा येतोच, आकार बघायचा असतो. पण आकारच वेगळा. इथून ई-मेलची मालिका सुरू झाली. मी सूत्र तीनदा तपासलं. व्हॉल्यूम सारखाच असेल त्या दिवसाचं काय करायचं यावर एक अख्खी रात्र घालवली, तो प्रश्न इथे गैरलागू होता. सरासरीचा गुणांक बदलून बघितला. फाइल पुन्हा डाउनलोड केली. कॅशेही क्लियर केली, हो.

शेवटी रविवारी अमळनेरला गेलो होतो, लॅपटॉप उघडाच होता. मामांनी चष्मा वर करून ती तारीख बघितली आणि म्हणाले, "आरे, हाऊ ते बोनसना दिन शे!"

३ डिसेंबर २०२४. विप्रोच्या एकास एक बोनसची रेकॉर्ड डेट. माझ्याच डीमॅटमध्ये शेअर दुप्पट झाले होते, म्हणून भाव निम्मा झाला होता, आणि मी विसरलो होतो. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये त्या दिवसाचे कच्चे भाव होते, म्हणजे जसा व्यवहार झाला तसे. चार्ट साइट बोनसआधीचे भाव निम्मे करून दाखवत होती.

गोल आकडे धरून बघा. आदल्या दिवशी भाव ६००, व्हॉल्यूम ८० लाख. बोनसच्या दिवशी भाव ३०३, व्हॉल्यूम १ कोटी २० लाख. शीट म्हणते व्हॉल्यूम वाढला, भाव साडेएकोणपन्नास टक्के पडला, म्हणून पीव्हीआय १००० वरून ५०५. खरी गोष्ट काय? जुने ८० लाख म्हणजे नवे १ कोटी ६० लाख आणि जुना ६०० म्हणजे नवा ३००. म्हणजे व्हॉल्यूम घटला, भाव एक टक्का वाढला. तो दिवस शांत होता, आणि एनव्हीआय १०१० व्हायला हवा होता. खातंही चुकलं आणि चिन्हही.

दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मला नंतर कळलं. भाव दुरुस्त केला आणि व्हॉल्यूम तसाच ठेवला, तर फक्त त्या एका दिवसाची टक्केवारी चुकीच्या खात्यात जाते, कारण तुलना कालशीच असते. पण भाव कच्चा राहिला तर निर्देशांक गुणाकाराने पुढे जात असल्याने तो खड्डा कधीच भरत नाही. वर सरासरी इतकी संथ, की २५५ दिवसांनंतरही मूळ दरीचा सुमारे साडेतेरा टक्के भाग तिच्यात शिल्लक असतो. म्हणजे वर्ष उलटलं तरी पीव्हीआय सरासरीखालीच आणि "गर्दी पळाली" हा निरोप चालूच. बोनस-स्प्लिटनंतर शेअरसंख्या वाढल्याने व्हॉल्यूम फुगतो, त्यामुळे खड्डा सहसा पीव्हीआयमध्ये पडतो. फक्त एनव्हीआय बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं : शीटमध्ये रोजच्या बदलाचा एक रकाना घाला आणि १५ टक्क्यांवरची प्रत्येक तारीख एक्सचेंजच्या कॉर्पोरेट ॲक्शनच्या पानावर पडताळा. दोन मिनिटांचं काम. विप्रोचे २०१७ आणि २०१९ चे बोनसही असेच सापडले.

दुसरी गंमत दिवाळीची. मुहूर्ताचं ट्रेडिंग तासाभराचं, व्हॉल्यूम किरकोळ, म्हणून तो दिवस आपोआप "जाणकारांचा". पुढचा दिवस आपोआप गर्दीचा. २०२४ च्या मुहूर्ताला सेन्सेक्स सुमारे ३३५ अंकांनी चढला आणि सोमवारी, ४ नोव्हेंबरला, ९४० च्या आसपास पडला. पेढे वाटणाऱ्यांचा तासभर जाणकार आणि सोमवारचे विकणारे अडाणी? मी मुहूर्ताची ओळ काढूनच टाकतो, सोमवारची तुलना थेट गुरुवारच्या व्यवहाराशी करतो.

आणि मूळ गृहीतकावरही माझा आता निम्माच विश्वास आहे. मोठ्या फंडाला लाखो शेअर घ्यायचे असतील तर शांत दिवशी त्याच्याच खरेदीने भाव उडेल. लपायला गर्दीच बरी, असा युक्तिवाद अभ्यासकही करतात. शिवाय त्याने एकदम घेतलं तर तो दिवसच गर्दीचा होतो आणि त्याची खरेदी पीव्हीआयमध्ये जाऊन पडते. म्हणून उतरत्या एनव्हीआयवरून मी काहीच ठरवत नाही, वर असेल तर ठेवायला एक कारण मानतो. फॉसबॅक यांचा दावाही वरच्याच बाजूला जोरदार होता, आणि तो अमेरिकेच्या अख्ख्या बाजाराबद्दल होता, एका शेअरबद्दल नाही.

दुरुस्त शीटमध्ये पीव्हीआयचा कडा गेला. जास्तीचे घेतलेले शेअर अजून आहेत, मामांना सांगितलेलं नाही. आठवा ई-मेल मी पाठवला, फक्त तारीख आणि "बोनस" एवढाच शब्द लिहून. उत्तर आलं : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाचपैकी गुण द्या.