मालकांकडून गादी बदलून घेतली, त्याची गोष्ट

कोथरूडमधला आमचा फ्लॅट फर्निश्ड. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, आणि कराराला जोडलेल्या सामानाच्या यादीत नुसतं ‘डबल बेड, गादीसह – १’. गादी काथ्याची, पाच इंची. मधोमध खड्डा पडलेला, सकाळी उठलं की नवऱ्याची कंबर धरायची. चादर झटकली की खाली तपकिरी भुकटी दिसायची. काथ्याला धरून ठेवणारं रबर सुकून तुटायला लागलं की ही भुकटी गळते. तशी गादी उलटून किंवा उन्हात टाकून सुधारत नाही.

मालकांना फोन करण्याआधी मी एक तपासणी केली. गादी उचलून पलंगाच्या प्लायवर आडवी दोरी ताणून धरली. प्लाय सरळ होता. तोच वाकलेला असता तर नवी गादीही तशीच बसली असती, म्हणून हे आधी बघायलाच हवं. मग गादीवर दोरी ताणली आणि खड्ड्यात फूटपट्टी उभी धरून फोटो काढला. जवळजवळ दोन इंच.

मालक काकांचं पहिलं म्हणणं अपेक्षितच होतं, “तुमच्याच वापराने बसली असेल.” राहायला आलो त्या दिवशी काढलेले फोटो मी पाठवले. खड्डा त्यातही होता, थोडा कमी. वापराने होणारी झीज ही मोडतोड नव्हे आणि तिचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत, असं आमच्या करारात लिहिलं आहे. ते कलमही पाठवलं, पण भांडायच्या सुरात नाही. “काका, एकदा येऊन बघून जा,” एवढंच म्हटलं. ते आले, गादीवर बसले, आणि पुढचं बोलणं सोपं झालं.

त्यांनी निम्मे-निम्मे सुचवलं. मी नको म्हटलं, कारण अर्धे पैसे माझे असतील तर घर सोडताना गादी कोणाची, हा वाद उरतो. ठरलं ते असं: तशाच गादीची किंमत काका देणार, मला जास्त जाड हवी होती, तो वरचा फरक माझा, गादी मात्र पूर्ण त्यांची. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मी त्यांच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं. बिल काकांच्या नावावर केलं. जुनी गादी टाकण्याआधीही त्यांना विचारलं, कारण शेवटी वस्तू त्यांची होती.

करार नवा केला तेव्हा यादीत गादीचा आकार, जाडी आणि खरेदीचा महिना लिहून घेतला. सोफ्याच्या डाव्या हाताचं कापड उसवलेलं आहे, तेही त्याच कागदावर चढवलं.