रेष संपते तिथून पुढे

"पण ही रेष पुढे का जात नाही?" बाबा मोबाईलवरच्या कॅरममध्ये बोट ओढून धरत म्हणाले.

वरच्या कोपऱ्यात राणी होती. नेम दाखवणारी रेष समोरच्या कडेपर्यंत जाऊन थांबत होती. तिथून स्ट्रायकर कसा परतेल, ते गेम सांगत नव्हता.

बाबांनी क्षणभर डोळे बारीक केले. ज्या कोनात लागेल, जवळपास त्याच कोनात परतणार. नेम केसभर डावीकडे सरकवला आणि सोडलं. राणी आत! पुढच्या फटक्याला कव्हरची सोंगटी मात्र भोकाच्या तोंडाशी अडली आणि राणी पुन्हा मधोमध आली.

खऱ्या बोर्डावर त्यांनी खेळणं सोडलंय. बोटं थरथरतात, आणि नख जरा घसरलं तरी स्ट्रायकर भलतीकडे जातो. इथे बोट सोडेपर्यंत नेम हवा तितक्या वेळा सुधारता येतो. टिचकीची ताकद नाही, पावडरीवरून सरकणाऱ्या सोंगटीचा तो आवाज नाही, पण कोन ओळखणारी त्यांची नजर तशीच लागते.

"परत लाव," ते म्हणाले. किती महिन्यांनी ऐकलं हे!

तुमच्या घरी कोण खेळायचं थांबलंय?