जुळे पत्ते : तिसऱ्या कॅटची नोंद

मुलांना इंटरनेटवरची आणि फोनवरची फसवणूक ओळखायला शिकवणाऱ्या माझ्या ‘जुळे पत्ते’ या खेळाचा तिसरा कॅट छापून हातात आला आणि सुट्टीत सोसायटीच्या गच्चीवर मुलांसोबत खेळूनही पाहिला. मुलं नऊ ते तेरा वयाची. खेळताना फोन किंवा टॅब कुणाच्याच हातात नाही. मधे सतरंजी, तिच्यावर पत्ते, चिंचोके आणि अर्ध्या मिनिटाचं वाळूचं घड्याळ, एवढंच सामान. खेळ बनवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून या वेळी काय बदललं आणि का, ते सविस्तर लिहिते.

इंटरनेटवरच्या फसवणुकीचे पत्ते करायला बसलं की हात आपोआप ठरावीक खुणांकडे वळतो: लॉटरी लागली, अशुद्ध मराठी, तीन-तीन उद्गारचिन्हं, अनोळखी नंबर. मुलं असे पत्ते क्षणात ओळखतात, त्यांना टाळ्या मिळतात आणि आपल्याला वाटतं, शिकली. प्रत्यक्षात ती पत्ता ओळखायला शिकलेली असतात. खरा फसवा संदेश शुद्ध भाषेत येऊ शकतो, आणि पुष्कळदा तो ओळखीच्याच माणसाच्या खात्यावरून येतो, कारण ते खातं आधीच दुसऱ्याच्या हाती गेलेलं असतं. म्हणून तिसऱ्या कॅटमध्ये प्रत्येक खोट्या पत्त्याला एक खरा जुळा आहे. पाठवणारा तोच, बोलण्याची ढब तीच, घाईही तेवढीच. फरक फक्त मागणीत.

उदाहरणार्थ, मामेभावाचे दोन पत्ते. एकावर आहे, “अगं, आजीच्या वाढदिवसाचे फोटो पटकन पाठव ना, प्रिंट काढायला निघालोय.” दुसऱ्यावर, “अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या आईच्या फोनवर आलाय, पटकन पाठव ना.” दुसऱ्या पत्त्यामागची युक्ती मुलांना सांगावीच लागते. कुणीतरी आईचा नंबर टाकून तिचं मेसेजिंगचं खातं स्वतःच्या फोनवर सुरू करू पाहतोय. तो कोड आईचाच आहे, चुकून आलेला नाही. कोड दिला की खातं त्याच्याकडे जातं, आणि मग पुढचा संदेश आईच्या नावाने मावशीला जातो. ही साखळी कळली की “ओळखीच्या माणसाचं ऐकायचं, अनोळखी माणसाचं नाही” हा नियम का पुरत नाही, ते मुलांना वेगळं समजावावं लागत नाही.

चाळीस पत्ते, म्हणजे वीस जोड्या. इस्पिक-बदामाच्या जागी मागणीचे चार रंग: किल्ली (पासवर्ड, पिन, ओटीपी), पैसे, ओळख (फोटो, शाळेचं नाव, आत्ता कुठे आहेस) आणि गुपित. प्रत्येक रंगाच्या पाच जोड्या. रंगाचं नाव पत्त्यावर छापलेलं नाही. पत्ता वाचून झाल्यावर “हा काय मागतोय?” याचं उत्तर म्हणून मुलांनीच ते सांगायचं.

खेळणं सोपं आहे. उजवीकडचा गडी वरचा पत्ता उचलतो आणि त्या माणसाच्या आवाजात वाचतो. ज्याची पाळी असेल त्याने वाळू संपायच्या आत तीनपैकी एक करायचं: “करतो”, “नाही” किंवा “तपासतो”. तपासायला एक चिंचोका द्यावा लागतो आणि कुठल्या वाटेने तपासणार ते मोठ्याने सांगावं लागतं. संदेशातच दिलेला नंबर किंवा लिंक ही वाट धरली जात नाही. भावाचा आपल्याकडे आधीपासून असलेला नंबर लावणं, घरातल्या मोठ्या माणसाला विचारणं, शाळेच्या डायरीतला नंबर बघणं, या वाटा चालतात. प्रत्येकाला चारच चिंचोके मिळतात. तपासायला खरोखर वेळ लागतो, कंटाळा येतो, आणि तो खर्च खेळात दिसायला हवा.

गुणांवर मी बराच विचार केला. खऱ्याला “करतो” म्हटलं तर एक गुण, खोट्याला “नाही” म्हटलं तरी एक. खऱ्याला “नाही” म्हटलं तर एक गुण वजा, खोट्याला “करतो” म्हटलं तर तीन वजा. योग्य वाटेने तपासलं तर पत्ता खरा असो वा खोटा, एक गुण. आता सगळ्यालाच “नाही” म्हणणाऱ्या मुलाचा हिशोब करा. खरे-खोटे पत्ते निम्मे-निम्मे असल्यामुळे त्याचे गुण शून्याच्या आसपास राहतात. हे मुद्दाम केलं आहे. नुसती भीती घातली की मुलं सगळ्यालाच नकार देऊ लागतात. मोठ्यांना ते सावधपण वाटतं, पण त्या मुलाला खरं-खोटं वेगळं करता येतंय का, हे त्यातून काहीच कळत नाही. म्हणून डाव संपल्यावर मी दोन आकडे वेगळे लिहून ठेवते: किती खरे नाकारले आणि किती खोटे पाळले. दुसरा आकडा उतरताना पहिला चढत असेल, तर खेळ फक्त धास्ती शिकवतोय असं समजावं.

सगळ्यात जास्त वाद किल्लीच्या रंगात झाला, आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. “ओटीपी कुणालाही कधीही सांगायचा नाही” हे मुलांना पाठ असतं. त्या रंगातला एक पत्ता असा: गॅसवाला दारात, सिलिंडर खांद्यावर, म्हणतो, “बाळा, कोड सांग.” सहावीतल्या एका मुलीने ठामपणे “नाही” म्हटलं. शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, “मावशी, आमची आई तर गॅसवाल्याला कोड सांगते!” आणि त्याचं बरोबर आहे. सिलिंडर पोहोचल्याची खूण म्हणून तो कोड दारातल्या माणसाला सांगायचाच असतो. रिक्षा किंवा टॅक्सी ॲपवरून बोलावली की प्रवास सुरू करायला चालकालाही कोड द्यावा लागतो. मुलं हे रोज पाहतात. पाठ केलेला नियम आणि घरात दिसणारी गोष्ट यांत अंतर राहिलं, तर मुलं नियमच सोडून देतात.

याचा जुळा पत्ता फोनवरचा आहे: “गॅस एजन्सीतून बोलतोय, तुमचं बुकिंग रद्द होतंय, आत्ता आलेला कोड सांगा.” दोन्ही पत्त्यांसोबत एसएमएसची छोटी चिठ्ठी जोडली आहे. वाचणारा ती उलटी ठेवतो, आणि पाळी असलेल्याने मागितली तरच सरळ करतो. पहिल्या चिठ्ठीवर सिलिंडर पोहोचवण्याचा कोड आहे. दुसरीवर बँक खात्यातून पैसे जाण्याचा, रकमेसह. बोलणारा काहीही म्हणो, कोड कशासाठी आलाय हे बहुतेक वेळा त्या संदेशातच लिहिलेलं असतं, आणि घाईत नेमकं तेच वाचलं जात नाही. दुसऱ्या डावापासून मुलं आपणहून “चिठ्ठी दाखव” म्हणू लागली. मग त्यांनीच दोन प्रश्न पक्के केले: ही वस्तू आपण मागवली होती का, आणि ती आत्ता आपल्यासमोर आहे का? पैशांच्या रंगातही असाच एक ठाम आधार आहे. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. “बक्षीस घ्यायला पिन टाक” म्हटलं की तो पत्ता तिथेच पडतो.

गुपिताच्या रंगाला वेगळा नियम आहे: मोठ्या माणसाला विचारायला चिंचोका लागत नाही. इथला खरा पत्ता आहे, “ताईसाठी केक आणलाय, रविवारपर्यंत तिला सांगू नकोस.” खोटा आहे, “आपण इथे बोलतो हे आईला सांगू नकोस.” पहिलं गुपित रविवारी फुटणारच असतं आणि फुटल्यावर सगळे खूश होतात. दुसऱ्याला शेवटची तारीख नाही. नऊ वर्षांच्या मुलांनाही हा फरक पटकन धरता येतो.

पत्त्यांनंतर नाटुकलं. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, कारण फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. फसवणाऱ्याची भूमिका नेहमी मोठं माणूस करतं. हे काम मी मुलांना देत नाही: एकतर त्यात मजा फसवण्याची होऊन बसते, आणि बाकी मुलांसमोर कुणाला फसवलं जाणं लागून राहू शकतं. बोलणाऱ्याच्या चिठ्ठीवर तीन पायऱ्या असतात: आधी विश्वास, मग घाई, मग मागणी. बघणाऱ्या मुलांनी मागणी आली की हात वर करायचा. मूल ती ओळखतं, पण अडतं पुढे, फोन ठेवताना. मोठी माणसं बोलत असताना मधेच तोडू नये हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि फसवणारा त्याच सभ्यतेचा फायदा घेतो. म्हणून आम्ही एकच वाक्य घोकतो, “मी आईला विचारून सांगते,” आणि लगेच खुर्चीवरून उठायचं. उत्तराची वाट बघायची नाही. मी आवाज चढवते, लाडीगोडी लावते, “एवढंसं पण कळत नाही का तुला?” असं म्हणते. तरीही उठायचं. खेळ झाला की गळ्यातला भूमिकेचा बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा, म्हणजे मावशी पुन्हा मावशी.

नाटुकलं घेणाऱ्यांनी एक तयारी ठेवावी. एखादं मूल मधेच “असं माझ्यासोबत झालंय” म्हणू शकतं. तेव्हा खेळ थांबवावा, सगळ्यांसमोर खोदून विचारू नये, बाजूला नेऊन ऐकावं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचवावं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर, दोन्ही मी नियमांच्या पत्त्यावर छापले आहेत. १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

छपाईबद्दल थोडंसं. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, पत्ता ६३ गुणिले ८८ मिलिमीटर. ए-फोरच्या एका कागदावर नऊ पत्ते बसतात. पाच कागदांत चाळीस पत्ते होऊन पाच जागा उरतात, त्यातल्या एकीवर नियम. पाठ सगळ्यांची सारखी, उत्तरं क्रमांकानुसार वेगळ्या कागदावर. क्रमांक मात्र नीट मिसळून द्या, नाहीतर विषम ते खोटे हे मुलं दुसऱ्या डावातच हेरतात. मळलेल्या कोपऱ्यावरूनही पत्ता ओळखतात, म्हणून प्लॅस्टिकचे स्लीव्ह हवेतच.

या कॅटची खरी मर्यादा पाठांतर. काही डावांनंतर पत्ते ओळखीचे होतात आणि आकडे फसवे चांगले दिसू लागतात. म्हणून उरलेले चार पत्ते कोरे ठेवले. मुलांनी स्वतःच्या जोड्या लिहायच्या, अट एकच: मागणीशिवाय दुसरा शब्द बदलायचा नाही. गॅसवाल्याला “नाही” म्हणणाऱ्या त्याच मुलीने लिहिलेली जोडी पुढच्या छपाईत जाणार आहे. दोन्ही पत्ते “मी तुझ्या वर्गातली, नवीन नंबर घेतलाय” असेच सुरू होतात. एकात पुढे आहे, “उद्याचा गृहपाठ काय आहे?” दुसऱ्यात, “तुमच्या घराचं लोकेशन पाठव, मी येते.” गृहपाठाच्या पत्त्यालाही तपासावं का, यावर अजून एकमत झालेलं नाही. एक चिंचोका घालवण्याइतकं ते महत्त्वाचं आहे का, हे पुढच्या रविवारी खेळून ठरवू.